शेवटची चांगली प्रत किती वाजताची?

आरटीओ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लायसन्सची रांग येते आणि आरपीओ म्हटले की पासपोर्टची. संगणक ऑडिटच्या किंवा सीआयएसए, सीआयएसएसपीसारख्या परीक्षांना बसणाऱ्यांना मात्र हीच अक्षरे वेगळ्या अर्थाने भेटतात: रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह आणि रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह. व्याख्या सगळ्यांच्या पाठ असतात. बिघाड झाल्यावर किती वेळात काम पुन्हा सुरू झाले पाहिजे, तो आरटीओ. किती वेळाची माहिती गेली तरी चालेल, तो आरपीओ. तरीही उदाहरण आले की गुण जातात, कारण दोन्हींचे उत्तर तासा-मिनिटांतच असते आणि माणूस एकाचे आकडे दुसऱ्यात घालतो.

मी शिकवताना फळ्यावर एक आडवी रेघ ओढतो आणि तिच्या मधोमध फुली मारतो. फुली म्हणजे बिघाडाचा क्षण. फुलीच्या डावीकडे, भूतकाळात, मागे मागे जायचे आणि हाती लागणाऱ्या शेवटच्या चांगल्या प्रतीपाशी थांबायचे. ते अंतर म्हणजे गेलेली माहिती, आणि ते आरपीओपेक्षा जास्त भरता कामा नये. फुलीच्या उजवीकडे, काम सुरू होईपर्यंतचे अंतर आरटीओत बसले पाहिजे. दोन्ही उद्दिष्टे आहेत, कागदावर आधी ठरवलेली. प्रत्यक्षात काय घडले ते फुली पडल्यावरच कळते.

अशी एक फुली ३१ जानेवारी २०१७ रोजी पडली आणि ज्यांच्यावर पडली त्यांनी सगळा हिशेब जाहीर मांडला, म्हणून ती शिकवायला सोयीची. गिटलॅब ही प्रोग्रामरांना आपला कोड ठेवायला जागा देणारी कंपनी. तिचा डेटाबेस दोन सर्व्हरवर होता. एक मुख्य आणि दुसरी त्याची जुळी प्रत, जिच्यात मुख्यावरचा प्रत्येक बदल पाठोपाठ उतरत असे. त्या रात्री ताण वाढला आणि जुळी प्रत मागे पडत पडत तुटली. ती नव्याने उभी करण्यासाठी तिच्यातला जुना डेटा पुसणे आवश्यक होते. जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्री साडेअकराच्या सुमारास एका इंजिनिअरने पुसण्याची `rm -rf` ही आज्ञा दिली, पण जुळीवर नव्हे, मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक त्याच्या लक्षात आली आणि त्याने आज्ञा थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते.

बॅकअप नव्हते असे नाही. रोज `pg_dump` चालवून डेटाबेसची प्रत दूरच्या साठ्यात टाकायची व्यवस्था होती. उघडून पाहिले तर तो साठा रिकामा. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि प्रत काढणारा प्रोग्राम ९.२ चा निवडला जात होता, म्हणून तो रोज चुकीचा संदेश देऊन बंद पडत होता. तो संदेश ईमेलने जायचा, पण पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही म्हणून तो ईमेलही नाकारला जात होता. क्लाउड कंपनीची डिस्क-प्रत घेण्याची सोय होती, पण ती डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेली नव्हती. आणि जुळी प्रत तर आधीच पुसलेली.

अखेरीस हाताला लागली ती एक वेगळीच प्रत. दुसऱ्या एका चाचणीसाठी कोणीतरी त्या संध्याकाळी ५:२० ला हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता. एरवी स्नॅपशॉट चोवीस तासांतून एकदाच निघत. म्हणजे डावीकडचे अंतर सहा तासांवर आले ते निव्वळ योगायोगाने. लोकांचा कोड वाचला, तो वेगळ्या जागी होता. पण सुमारे ५,००० प्रोजेक्टांच्या नोंदी, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती गेली. उजवीकडचे अंतर तर त्याहून मोठे भरले. ती प्रत चाचणीच्या स्वस्त, संथ डिस्कांवर होती आणि तिथून ती हलवायलाच तास गेले. सेवा पूर्ववत झाली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे अठरा तासांहून जास्त वेळाने.

आता हेच डोळ्यांपुढे ठेवून परीक्षेतल्या छापाचे गणित करू. समजा एका पतसंस्थेचा आरपीओ २४ तास आहे. रोज रात्री ११ च्या स्थितीचा बॅकअप निघतो. तो तयार व्हायला दोन तास लागतात आणि दुसऱ्या शहरात पोचायला आणखी तीन. बुधवारी पहाटे साडेतीनला सर्व्हरच्या खोलीला आग लागते. किती माहिती गेली?

घाईत लिहिलेले उत्तर असते साडेचार तास, मंगळवारी रात्री ११ पासून पहाटे साडेतीनपर्यंत. पण मंगळवारची प्रत दुसऱ्या शहरात पोचणार होती पहाटे ४ ला. ती अजून वाटेत होती, आणि मूळ तर आगीत गेले. हातात आहे ती सोमवारी रात्री ११ च्या स्थितीची प्रत. म्हणजे गेले साडेअठ्ठावीस तास, मंगळवारचा अख्खा काउंटर. सर्वात वाईट परिस्थितीचे सूत्र असे की दोन बॅकअपमधले अंतर आणि प्रत सुरक्षित जागी पोचायला लागणारा वेळ यांची बेरीज करायची. इथे २४ अधिक ५, म्हणजे २९ तास. रोज बॅकअप घेतो म्हणून आरपीओ २४ तास, हे विधान म्हणूनच चूक. दर १५ मिनिटांनी फक्त बदलांची नोंद, म्हणजे लॉग, पाठवली आणि ती ५ मिनिटांत पोचली, तर हीच बेरीज २० मिनिटांवर येते.

आता उजवी बाजू. आरटीओ ४ तास. बिघाड लक्षात यायला २० मिनिटे, पर्यायी केंद्रावर जायचे हे ठरवायला ३० मिनिटे, तिथला सर्व्हर उभा करायला ९० मिनिटे. डेटा ६०० जीबी आणि रिस्टोअरचा वेग सेकंदाला १०० एमबी, म्हणजे ६,००० सेकंद, १०० मिनिटे. मग लॉग चढवायला ४० आणि ताळेबंद जुळतो का हे तपासायला ३०. एकूण ३१० मिनिटे, ५ तास १० मिनिटे. उद्दिष्ट हुकले.

इथे बहुतेकांना वेगवान डिस्क घ्यावीशी वाटते. वेग दुप्पट केला तर ५० मिनिटे वाचतात आणि बेरीज २६० होते. तरी ४ तास २० मिनिटे. उलट पर्यायी सर्व्हर आधीच उभा ठेवला तर ९० मिनिटे जातात, उरतात २२०, म्हणजे ३ तास ४० मिनिटे. नवी डिस्क न घेता काम झाले. आणखी एक गोष्ट, या बेरजेतली पहिली ५० मिनिटे यंत्राची नाहीत. ती माणसांची आहेत: कोणाच्या लक्षात आले, कोणाला फोन केला, कोणी हो म्हटले. तालमीत सगळे आधीच जमलेले असतात, म्हणून ही मिनिटे तिथे कधीच मोजली जात नाहीत. शिवाय सर्व्हर चालू झाला तरी बुडालेल्या पावत्या पुन्हा भरायच्या असतात. तो वेळ आरटीओच्या पुढचा. तो धरून जी मर्यादा संस्थेला सोसवते तिला पुस्तकात एमटीडी म्हणतात, आणि आरटीओ नेहमी तिच्याहून लहान असावा लागतो.

मग सरळ जुळी प्रतच ठेवावी आणि बिघाड झाला की तिच्यावर उडी मारावी, म्हणजे फेलओव्हर करावा, तर? जुळी प्रत ८ सेकंद मागे असेल आणि उडीला २ मिनिटे लागत असतील, तर दोन्ही अंतरे मिनिटांत येतात. पण हे आगीला लागू. समजा दुपारी २:१० ला कोणीतरी चुकून ठेवींचा तक्ता पुसला. आठ सेकंदांत जुळीवरूनही तो पुसला जातो. जुळी प्रत चुकाही तितक्याच इमानदारीने उतरवते. अशा वेळी जुना बॅकअप काढून त्यावर २:०९ पर्यंतचे लॉग चढवावे लागतात. चूक २:५० ला लक्षात आली असेल तर २:१० नंतरच्या ४० मिनिटांच्या खऱ्या नोंदी एक तर सोडाव्या लागतात, नाही तर हाताने जोडाव्या लागतात. तेव्हा नुकसान किती ते ठरते चूक किती उशिरा दिसली त्यावर. प्रश्नात बिघाड कसला आहे हे आधी वाचावे ते यासाठीच.

आठ सेकंदही नकोत, शून्य हवे, असे म्हणणाऱ्याला भूगोल आडवा येतो. शून्यासाठी दूरच्या केंद्राने नोंद पोचल्याची पावती दिल्याशिवाय मुख्य केंद्राने व्यवहार पुरा मानायचा नाही. काचतंतूतून प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. हजार किलोमीटर जाऊन परत यायला किमान १० मिलिसेकंद, तेही प्रत्येक व्यवहाराला. पतसंस्थेला ते चालेल, शेअर बाजाराला नाही. म्हणून बाजार तीन केंद्रे ठेवतात. मुख्य, त्याच्या जवळचे एक जिथे शून्य नुकसानाने नोंद होते, आणि लांबचे एक, वेगळ्या भूकंप-क्षेत्रातले, जे थोडे मागे चालते.

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११:४० ला व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी ३:४५ ला आणि त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. पुढच्याच महिन्यात सेबीने बाजारांसाठी नियम कडक केले: महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यापासून ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची, जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत काम सुरू करायचे आणि माहिती जास्तीत जास्त १५ मिनिटांची जाऊ द्यायची. परीक्षेला याहून चांगला प्रश्न नाही, कारण यात घड्याळ कधीपासून लावायचे हे लपलेले आहे. आरटीओ ४५ मिनिटे म्हणून ११:४० च्या बिघाडाला १२:२५ लिहिणारा चुकतो. ४५ मिनिटे मोजायची घोषणेपासून आणि घोषणेला ३० मिनिटांची मुभा आहे. त्या नियमाने शेवटची वेळ १२:५५, आणि ११:२५ पर्यंतचा प्रत्येक सौदा हातात हवा.