आली तर, आली असेल तर, आली असती तर

एका गोष्टीवर दुसरी अवलंबून आहे असं सांगणाऱ्या वाक्याला मराठी व्याकरणात संकेतार्थी वाक्य म्हणतात. त्यातली अट ‘जर’ने सुरू होते आणि परिणाम ‘तर’ने. सांगितलेली गोष्ट घडू शकणारी आहे की निव्वळ कल्पनेतली, हे मात्र या दोन शब्दांवरून कळत नाही. बोलताना ‘जर’ बहुधा गळतो, तरी अर्थ बदलत नाही. निवाडा क्रियापद करतं.

‘एसटी वेळेवर आली तर आपण नऊला पोचू.’ ‘आली’ हे रूप भूतकाळाचं दिसतं, पण गोष्ट पुढची आहे. आधी येणं पूर्ण होईल, मग पोचणं, एवढंच ते रूप सांगतं. एसटी येईल किंवा येणार नाही. दोन्ही शक्यता खुल्या आहेत. म्हणून परिणामात भविष्यकाळ येतो किंवा आज्ञाही चालते : ‘एसटी आली तर मला हाक मार.’ सूचनाफलकावरचं ‘आल्यास’ हे याच खुल्या अटीचं आटोपशीर रूप आहे.

‘एसटी आली असेल तर ते स्टँडवर उतरले असतील.’ इथे येण्याची वेळ होऊन गेली आहे, पण ती आली की नाही हे बोलणाऱ्याला ठाऊक नाही. ‘असेल’ ही अनिश्चितता दाखवतो. अट अजून खुलीच आहे.

‘एसटी वेळेवर आली असती तर आपण नऊला पोचलो असतो.’ आता एसटी वेळेवर आली नाही, हे गृहीत आहे. पुढे ‘पण ती उशिरा आली’ हे जोडून पाहावं; वाक्य सहज पुरं होतं. तेच शब्द ‘आली असेल तर’च्या वाक्याला जोडले की ते विसंगत होतं.

अवास्तव अटीत दोन्ही भागांत ‘असता’ची रूपं लागतात. ‘आली असती तर पोचू’ हे म्हणून चुकीचं वाटतं. नकारही वेगळा होतो : खुल्या अटीत ‘आली नाही तर’, अवास्तव अटीत ‘आली नसती तर’.

‘असता’ काळ ठरवत नाही, अवास्तवता ठरवतो. ‘काल सुट्टी असती तर’, ‘आज सुट्टी असती तर’ आणि ‘उद्या सुट्टी असती तर’ यांत क्रियापद तेच राहतं; काळ पहिला शब्द सांगतो.

एका ठिकाणी रूपं एकसारखी दिसतात. ‘तो घरी असतो’ ही सवय आणि ‘तो घरी असता तर’ ही कल्पना. तसंच ‘ती असते’ आणि ‘ती असती’. पण ‘मी घरी असतो’ हे पुरुषाच्या तोंडी दोन्ही अर्थांनी येतं. तिथे परिणामाचं क्रियापद पाहावं लागतं : ‘मी घरी असतो तर दार उघडलं असतं’ म्हणजे मी घरी नव्हतो.