खटका वर, पाणी खाली

मिक्सरच्या नळावरचा खटका वर ओढला की पाणी शॉवरकडे जायला हवं. पण अनेक घरांत हात काढताच खटका खाली बसतो आणि धार पुन्हा बादलीत. मग प्लंबर येतो, ‘डायव्हर्टर गेला’ म्हणतो आणि नवा नळ बसवतो. कधीकधी महिनाभरात तक्रार जशीच्या तशी परत.

याचं कारण खटक्याच्या रचनेत आहे. खटका ओढला की आतली रबरी वॉशर लावलेली छोटी चकती उचलली जाते आणि नळाच्या तोंडाकडची वाट बंद करते. तिला तिथे धरून ठेवतं ते पाणीच. त्याचा दाब चकतीला बैठकीवर दाबून ठेवतो. कॉक बंद केला की दाब जातो आणि चकती आपोआप खाली येते. म्हणजे पाण्याला जोर नसेल तर नवाकोरा खटकाही टिकणार नाही.

आता गच्चीवरच्या टाकीचा हिशेब पाहू. उभ्या दहा मीटर पाण्याचा दाब साधारण एक बार. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी बाथरूमच्या फरशीपासून चार मीटर उंच असेल आणि नळ पाऊण मीटरवर, तर नळाशी दाब मिळतो जेमतेम तेहतीस शतांश बार, तोही पाणी वाहत नसताना. वाहू लागलं की पाइपातच त्यातला काही खर्च होतो. तीन मजले खाली राहणाऱ्यांना नऊ मीटर जास्त मिळतात. त्यामुळे एकाच इमारतीत, एकाच कंपनीचा नळ खाली उत्तम चालतो आणि वर रुसतो.

खरा दोष कुठे आहे, हे हातानेच कळतं. कॉक पूर्ण उघडून खटका वर ओढावा आणि बोटांनी धरून ठेवावा. धरल्यावर सगळं पाणी शॉवरला जात असेल आणि सोडताच खटका पडत असेल, तर वॉशर ठीक आहे. कमी आहे तो दाब. धरूनही नळातून धार येतच राहिली, तर वॉशर झिजली आहे किंवा बैठकीवर क्षार साचले आहेत. बोअरवेलचं पाणी असलेल्या घरांत दुसरी शक्यता आधी तपासावी.

क्षार असतील तर पाणी बंद करून नळ सोडवावा, व्हिनेगरमध्ये थोडा वेळ भिजवून ब्रशने घासावा, शक्य असेल तर वॉशर बदलावी आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून परत बसवावा. बऱ्याच नळांतला खटका उघडतच नाही. तिथे अख्खा नळच बदलावा लागतो.

दाबच कमी असेल तर मात्र वॉशर बदलणं हा फुकटचा खर्च. तिथे प्रेशर पंप लागतो, नाहीतर मूठ फिरवून वाट बदलणारा डायव्हर्टर, जो दाबावर अवलंबून नसतो. फक्त त्याने शॉवरची धार जोरदार होईल अशी आशा ठेवू नये. शॉवर नळापेक्षा आणखी सव्वा मीटर उंच, त्यामुळे तिथे दाब आणखी कमीच असतो.