धुराचा बाजारभाव

सुरतेच्या कापड गिरण्यांमध्ये वाफेसाठी कोळसा आणि लिग्नाइट जळतो. चिमणीतून धूर निघतो आणि त्यातले बारीक धूलिकण शहराच्या हवेत मिसळतात. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2019 मध्ये इथे धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार सुरू केला. सगळ्या कारखान्यांनी मिळून किती धूळ सोडायची ते मंडळ ठरवते आणि तेवढ्याच किलोंचे परवाने काढते. बहुतेक परवाने फुकट वाटले जातात, थोडे लिलावात जातात. पुढे ज्याला हवे त्याने ते आपसात विकावेत किंवा घ्यावेत.

यात पैसा वाचतो कुठे? दोन काल्पनिक गिरण्या घेऊ. दोघी महिन्याला हजार-हजार किलो धूळ सोडतात, आणि एकूण धूळ निम्मी करायची आहे. पहिलीचा बॉयलर नवा, त्यामुळे तिला किलोमागे 20 रुपये लागतात, पण 800 किलोंपुढे तिलाही काही करता येत नाही. दुसरीचा बॉयलर जुना आणि फिल्टर बसवायला जागा नाही, म्हणून तिचा खर्च 80 रुपये. प्रत्येकीने 500 किलो घटवा असा सरसकट हुकूम काढला, तर खर्च 10 हजार अधिक 40 हजार, म्हणजे 50 हजार.

आता दोघींना 500-500 किलोंचे परवाने द्या. पहिली 800 किलो घटवते आणि उरलेले 300 परवाने 50 रुपयांनी दुसरीला विकते. दुसरीला स्वतः फक्त 200 किलो घटवावे लागतात. धूळ तेवढीच कमी झाली, पण खर्च 32 हजारांवर आला. दोघींचेही नऊ-नऊ हजार वाचले. गिरण्यांचा खर्च सारखा असता तर हा सौदा झालाच नसता.

खरे सांगायचे तर, स्वस्तात घटवणाऱ्याला हुडकण्याचे काम करही करतो. किलोला 50 रुपये कर लावला की पहिली 800 किलो घटवेल, पण दुसरी कर भरून मोकळी होईल. धूळ 1200 किलो उरेल, म्हणजे उद्दिष्ट हुकले. नेमका कर लावायला सरकारला प्रत्येक गिरणीचा खर्च ठाऊक हवा, आणि तो गिरणीमालक खरा सांगेल याची खात्री नाही. परवान्यांत एकूण धूळ आधी ठरते आणि भाव बाजार ठरवतो. पण तो भाव भडकू शकतो, आणि कारखानदाराला धास्ती असते ती त्याचीच. म्हणून सुरतेत किमान आणि कमाल भाव बांधून दिला आहे. भाव कमाल मर्यादेला टेकला की परवाना जवळजवळ करासारखाच वागू लागतो.

हे सारे चालते चिमणीत बसवलेल्या सतत मोजणाऱ्या यंत्रांच्या जिवावर. यंत्राशी छेडछाड झाली की परवान्याला कागदाचीच किंमत. शिवाय बाजार बघतो तो शहराची एकूण बेरीज. परवाने विकत घेणारी जुनी गिरणी एखाद्या वस्तीच्या कुशीत असेल, तर त्या वस्तीच्या वाट्याला धूळ जास्तच येणार, आणि त्यासाठी वेगळी स्थानिक मर्यादा ठेवावीच लागते.