अनाहूत ग्रुप आणि अनोळखी नंबर (लेखांक सातवा)

गेल्या आठवड्यात ओटीपीविषयी विवेचन केले. या वेळी त्याच्याही आधीची पायरी पाहावयाची आहे, म्हणजे ठकाचा आणि आपला संबंध प्रथम जुळतो ती. मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या उपनगरांतून सायबर पोलिसांकडे मोठ्या रकमांच्या ज्या फिर्यादी येतात, त्यांत बनावट शेअर-व्यवहाराच्या फिर्यादी वारंवार आढळतात. आणि त्यांतील अनेकांच्या मुळाशी एखादा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो, ज्यात फिर्यादीला न विचारता घेतलेले असते, किंवा जाहिरातीतील लिंक दाबून तो स्वतः दाखल झालेला असतो.

या फसवणुकीची रीत ठरलेली आहे. समजा, मुलुंड पूर्वेच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांना सकाळी दिसते की आपण शंभर-सव्वाशे सभासदांच्या एका ग्रुपमध्ये आहोत, तेथे कोणी ‘प्रोफेसर’ रोज बाजाराचे भाकीत सांगत आहेत आणि इतर सभासद आपापल्या नफ्याची छायाचित्रे टाकून त्यांचे आभार मानीत आहेत. हे सभासद बहुधा त्याच टोळीचे असतात; नवख्याला एकटेपणा वाटू नये आणि शंका घेणे त्याला असभ्यपणाचे वाटावे, एवढ्यासाठीच ही गर्दी उभी केलेली असते. काही दिवसांनी ‘प्रोफेसरां’ची साहाय्यक खाजगी संदेश पाठवून एक अ‍ॅप घ्यावयास सांगते, त्यात पैसे भरताच शिल्लक वाढताना दिसते, आणि आरंभी एखादी लहान रक्कम परतही मिळते, ज्यामुळे विश्वास दृढ होतो. पुढे मोठी रक्कम काढू गेले म्हणजे आधी ‘कर’ किंवा ‘शुल्क’ भरण्याचा हुकूम येतो, आणि तो भरला की दुसरा.

खऱ्या-खोट्याची पारख येथे अवघड नाही. खरोखर विकत घेतलेला शेअर आपल्या डिमॅट खात्यात जमा होतो आणि त्याची नोंद एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे असते. तेथे जो दिसत नाही, तो शेअर आपण घेतलेलाच नाही, मग अ‍ॅपमधील आकडा कितीही फुगलेला असो. शेअरच्या नफ्यावरचा प्राप्तिकर आपण सरकारजमा करतो. आपलेच पैसे परत देण्यासाठी तो आधी मागून घेण्याचा अधिकार कोणत्याही दलालाला नाही. पैसे भरण्यासाठी दर वेळी निराळ्याच व्यक्तीचे किंवा निराळ्याच पेढीचे खाते दिले जात असेल, तर संशयाला जागाच उरत नाही. परदेशी संस्थात्मक गुंतवणूकदारांच्या खात्यातून स्वस्तात शेअर मिळवून देण्याचे आमिषही असेच निराधार आहे. तो मार्ग, काही मर्यादित अपवाद वगळता, भारतातील रहिवाशांना खुला नाही, असा इशारा सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता.

आता या ग्रुपचे दार कसे लावावयाचे ते पाहू. आपण स्वतः बदल केला नसेल, तर आपला नंबर जवळ असलेल्या कोणाही इसमाला आपल्याला ग्रुपमध्ये घेण्याची मुभा असते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Settings, तेथून Privacy आणि तेथून Groups असे गेल्यास तीन पर्याय दिसतात. Everyone म्हणजे वाटेल तो. My contacts म्हणजे ज्यांचे नंबर आपण फोनमध्ये जतन केले आहेत ते. आणि My contacts except… म्हणजे त्यांतूनही आपण निवडून वगळू ते सोडून बाकीचे. ही सोय एप्रिल २०१९ मध्ये आली तेव्हा कोणालाच मुभा न देण्याचा पर्याय होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच्या जागी हा तिसरा पर्याय आला. त्यात सर्व नावे निवडली की परिणाम जवळजवळ तोच साधतो. बहुतेकांना My contacts पुरेसा आहे. ज्याला आपण अटकाव केला, तो अ‍ॅडमिन खाजगी संदेशाने निमंत्रण पाठवू शकतो. ते तीन दिवस वैध राहते आणि आपण स्वीकारले नाही तर आपोआप निकालात निघते.

या बंदोबस्ताच्या मर्यादाही ध्यानात असाव्यात. एकदा भेटलेला घरांचा दलाल, पार्सलवाला, गॅस दुरुस्त करणारा, यांचे नंबर आपण सहज जतन करतो. त्या सर्वांना हे दार उघडेच राहते, म्हणून यादी अधूनमधून तपासून अनावश्यक नावे काढावीत. आपण स्वतः लिंक दाबून जेथे दाखल होतो, तेथे हा पर्याय काहीच करीत नाही. आणि आपण ज्या ग्रुपमध्ये आधीच आहोत, मग तो सोसायटीचा असो की शाळेच्या पालकांचा, तेथील सभासदांना आपला नंबर दिसतो व त्यावर ते थेट संदेश पाठवू शकतात.

म्हणून अनोळखी नंबराचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. असा संदेश आला की उत्तर देण्याची घाई करू नये. आपण कोण, एवढे विचारणारे सभ्य उत्तरदेखील हा नंबर चालू असून माणूस बोलणारा आहे, ही माहिती पलीकडे पोहोचवते. लिंक उघडू नये, आणि .apk ने संपणारी फाइल, मग ती लग्नपत्रिका म्हणून आलेली असो की वाहनाच्या दंडाची पावती म्हणून, कदापि बसवू नये. पाठवणारा परिचित असल्याचे सांगत असेल, तर आपल्याजवळच्या त्याच्या जुन्या नंबरावर फोन करून खात्री करावी. अन्यथा Block करताना Report ही निवडावे. तसे केल्यास त्या नंबरावरून आलेले शेवटचे पाच संदेश व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात, आणि तक्रार झाल्याचे पाठवणाऱ्यास कळवले जात नाही. फोनचा उपद्रव होत असेल, तर Privacy मध्ये Calls या सदराखाली Silence unknown callers सुरू करावे; घंटा वाजत नाही, परंतु नोंद राहते, त्यामुळे इस्पितळातून किंवा बँकेतून आलेला फोन नंतर पाहता येतो.

अनाहूत ग्रुपमध्ये आपण सापडलोच, तर वाद घालण्यात अर्थ नाही. तेथून बाहेर पडावे. ऑगस्ट २०२२ पासून बाहेर पडल्याची सूचना केवळ अ‍ॅडमिनला जाते, तेव्हा संकोचाचे कारण उरत नाही. मात्र पैसे गेले असतील, तर हा क्रम बदलतो, आणि येथेच अनेकांची चूक होते : संतापाच्या भरात ते संपूर्ण संभाषण पुसून टाकतात व पुरावा नाहीसा होतो. अशा प्रसंगी प्रथम १९३० या क्रमांकावर फोन करावा. रक्कम, वेळ, आपली बँक आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवावा. कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने हलवले जातात आणि ते गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते. त्यानंतर संदेशांची, नंबरांची आणि ज्या खात्यांत पैसे भरले त्यांची छायाचित्रे घ्यावीत, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी आणि पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. गुन्हा आमच्या हद्दीतला नाही असे कोणी म्हटले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ दाखवावे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते. हे सर्व झाल्यावरच ग्रुप सोडावा.

पुढील लेखांकात आपलेच व्हॉट्सअ‍ॅप खाते दुसऱ्याच्या हाती कसे जाते आणि सहा अंकी पिन त्यास कसा प्रतिबंध करतो, याचा विचार करू. कारण परिचिताचे खाते ठकाच्या ताब्यात गेले, तर My contacts हा पर्यायही त्याला अडवू शकत नाही.