खूण ताजी की जुनी? भाड्याचं घर बघताना

भाचीची बदली मालवणला झाली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं भरडाजवळच्या एका इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट बघायला गेलो. भिंती स्वच्छ, फरशी नुकतीच पुसलेली. फक्त न्हाणीघराच्या चौकटीला खालून वर हातभर चढलेली मातीची एक बारीक रेघ होती. मालकीणबाई म्हणाल्या, "ती जुनी आसा ओ. औषध मारलेला, कधीच मेली."

त्या खोटं बोलत होत्या असं मला वाटलं नाही. मातीची रेघ वाळवी मेल्यावरही वर्षानुवर्षं तशीच राहते. आपल्या किनाऱ्यावर पावसाची दमट हवा आणि चिऱ्याच्या जोत्यांचे सांधे असताना असली एकही खूण नसलेलं घर मिळणं कठीणच. म्हणून खूण दिसली की पळून जायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. ती ताजी आहे की जुनी, एवढं शोधायचं. त्यासाठी चार-पाच दिवसांच्या अंतराने दोन फेऱ्या लागतात आणि सोबत टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, काळा कागद आणि थोडी टाल्कम पावडर.

मी विचारलं, "रंग कधी दिलात?" "चतुर्थीक." टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड टाकला तर रेघ रंगाच्या वर बसलेली स्पष्ट दिसली. रंगाखाली दबलेली असती तर ती चतुर्थीच्या आधीची. वर असल्यामुळे ती गेल्या नऊ महिन्यांतलीच होती. तरी एवढ्यावरून ती जिवंत ठरत नव्हती.

ही रेघ म्हणजे जमिनीत राहणाऱ्या वाळवीचा बोगदा, साधारण पेन्सिलीएवढा रुंद. माती, लाळ आणि विष्ठा मिसळून ती तो बांधते, कारण उघड्या कोरड्या हवेत तिचं मऊ अंग सुकतं. वारूळ जमिनीत, खाणं चौकटीत आणि मधला हा झाकलेला रस्ता. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने मधलाच दोन सेंटिमीटरचा तुकडा काढला आणि वरचा-खालचा भाग तसाच ठेवला. सगळी रेघ पुसून टाकली तर दुरुस्ती झाली की नाही ते कळणारच नाही. आत लगेच कोणी दिसलं नाही. मग चौकटीवर ठोकत वर गेलो. तळाशी वीतभर भागात आवाज पोकळ येत होता आणि टोक दाबल्यावर रंगाचा पापुद्रा आत गेला.

खिडकीच्या खाचेत आणि ट्यूबलाइटच्या पट्टीवर गळलेले पंख पडलेत का तेही बघावं. पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी उजेडाकडे येते आणि पंख टाकून देते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, मुंगीचे पुढचे मोठे आणि मागचे लहान. दोन-चार पंख बाहेरूनही उडून येतात, पण बंद खोलीत एकाच कोपऱ्यात ढीग असेल तर वारूळ जवळच समजावं.

माळ्यावरच्या लाकडी कपाटाखाली वेगळीच गोष्ट सापडली. तिथे माती नव्हती, बारीक भुकटीचा छोटा ढीग होता. ती चिमटीत घेऊन चोळायची. खसखशीसारखे टणक, एकसारखे दाणे हाताला लागले तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिला जमिनीशी संबंध लागत नाही, म्हणून ती वरच्या मजल्यावरच्या कपाटातही राहते. मैद्यासारखी मऊ पूड असेल तर ते लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचं काम. आमच्या हाताला मैदा लागला. कपाटाला दोन-तीनदा थोपटून जुनी पूड पाडून टाकली, जागा पुसली आणि खाली काळा कागद पसरला. आधी थोपटणं महत्त्वाचं, नाहीतर जुन्या भोकांतली पूड दार आपटल्यानेही पडते आणि ती ताजी वाटते.

उंदरांसाठी ओट्याखाली वाकून बघितलं. गॅलरीला माडाची झावळ टेकत होती, म्हणजे आत यायला तयार पूल. घरातल्या मोठ्या उंदराची लेंडी साधारण एक सेंटिमीटर लांब आणि दोन्हीकडे टोकदार, लहान घरउंदराची तांदळाच्या दाण्याएवढी. ताजी असेल तर काळी, चकचकीत आणि काडीने दाबल्यास मऊ. जुनी राखाडी होते आणि चुरते. इथे चुरली. तरी पाइपाच्या भोकाजवळ टाल्कमचा पातळ थर भुरभुरवला, पाऊल उमटतं का बघायला. पेन्सिल शिरेल एवढ्या भोकातून घरउंदीर येऊ शकतो, ही मापाची सोपी खूण. लेंड्या सुक्या झाडूने झाडू नयेत. हातमोजे घालून, ब्लीचिंगच्या पाण्याने भिजवून मगच पुसाव्यात. कोकणात पावसाळ्यात लेप्टो होतो आणि त्याचे जंतू उंदराच्या मुतातून पसरतात.

मालवणात बरेच फ्लॅट कधी पर्यटकांना तर कधी भाड्याने दिलेले असतात आणि पलंग-गादी त्यातच येते. अशा ठिकाणी ढेकणांसाठी गादीची शिवण आणि पलंगाचे सांधे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. शाईच्या पेनाने टिंबं दिल्यासारखे काळे डाग, टाकलेली फिकट कातडी आणि मिलिमीटरभर पांढरी अंडी ही खूण. जुनं एटीएम कार्ड शिवणीत फिरवलं की लपलेला ढेकूण बाहेर पडतो. खोली दोन महिने बंद होती म्हणून ढेकूण मेले असतील, हा हिशेब चुकीचा आहे. ते काही महिने उपाशी राहू शकतात. नशिबाने इथे पलंग नव्हता. झुरळांसाठी सिंकखालच्या दाराच्या बिजागऱ्या बघितल्या, त्या स्वच्छ निघाल्या.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पुन्हा गेलो. टाल्कमवर एकही पाऊल नव्हतं. काळ्या कागदावर चिमूटभर पूड पडली होती, म्हणजे कपाट चालू होतं. आणि चौकटीवरची दोन सेंटिमीटरची जागा ओलसर, बाकीच्या रेघेपेक्षा काळपट मातीने भरून निघाली होती. भाचीने ती मालकीणबाईंना दाखवली. त्या वाकून बघतच राहिल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "तेव्हा नुसता वरसून मारलेला."

खरा घोळ तिथेच होता. रेघेवर फवारा मारला तर रस्त्यावरची वाळवी मरते, जमिनीतलं वारूळ तसंच राहतं. त्यासाठी भिंत आणि फरशी मिळते त्या कडेने साधारण तीस सेंटिमीटरवर भोकं पाडून औषध जमिनीत सोडावं लागतं. उलट बाजूही सांगायला हवी. पाचव्या दिवशी तुटलेली जागा तशीच राहिली असती, तरी वाळवी गेली असं छातीठोक म्हणता आलं नसतं, कारण कधीकधी ती तो रस्ता सोडून दुसरा काढते. अशा वेळी पोकळ आवाज आणि दबणारं लाकूड यावरच ठरवावं.

फ्लॅट भाचीने घेतला, पण आधी करारात दोन ओळी घातल्या. जमिनीत औषध सोडण्याचं काम चावी देण्याआधी मालकाच्या खर्चाने होईल आणि पोखरलेलं कपाट काढून नेलं जाईल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, त्यामुळे या ओळींना तिथेच जागा असते. तारखेसह काढलेले रेघेचे दोन फोटो, तोडल्या दिवसाचा आणि पाचव्या दिवसाचा, तिने मालकीणबाईंनाही पाठवून ठेवले. गॅलरीला टेकलेली झावळ त्यांनी त्याच आठवड्यात तोडून घेतली.