तीन तासांची सभा, नऊ तुकडे आणि कात्रीची जागा

मीरा रोड आणि भाईंदरमध्ये १९८५ साली नगरपालिका आली, २००२ साली महानगरपालिका. त्या सुमारास उभ्या राहिलेल्या अनेक इमारती आता पुनर्विकासाच्या वयाला आल्या आहेत. विकासक निवडण्यासाठी सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा बोलावली जाते आणि शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार तिचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. सभा संपते, पण चित्रीकरणाची फाइल हातात आली की सेक्रेटरींपुढे नवा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक सभासदाला प्रत हवी असते आणि फाइल मात्र कुठेच मावत नाही.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. सभा तीन तासांची, चित्रीकरण फुल एचडी, सेकंदाला २५ फ्रेम आणि सेकंदाला साधारण एक एमबी डेटा. एकूण फाइल सुमारे १०.८ जीबी. व्हॉट्सअ‍ॅपवर एका वेळी २ जीबीपर्यंतचीच फाइल जाते. वीस-वीस मिनिटांचे नऊ तुकडे केले तर प्रत्येक तुकडा साधारण १.२ जीबीचा होईल आणि काम भागेल. साध्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये टाकून कापलं, तर ते अ‍ॅप बहुधा सगळा व्हिडिओ उलगडून पुन्हा नव्याने दाबतं. त्यात वेळ जातो, चित्राचा दर्जा थोडा उतरतो आणि ‘हे मूळ चित्रीकरण नाही’ असं म्हणायला विरोधकांना जागा मिळते. त्यापेक्षा आहे तोच डेटा जसाच्या तसा उचलून नऊ फाइलींत वाटणं सरस. मात्र तो वाटेल तिथे कापता येत नाही.

याचं कारण व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीत आहे. फुल एचडीची एक फ्रेम न दाबता साठवली तर ती सुमारे ३१ लाख बाइटची होते. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे जवळजवळ ७८ एमबी. ते एक एमबीवर आणण्यासाठी एच.२६४ सारखे कोडेक बहुतेक फ्रेम पूर्ण साठवतच नाहीत, आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहून ठेवतात. अधूनमधून मात्र एक फ्रेम पूर्ण साठवली जाते. तीच कीफ्रेम. जमाखर्चाच्या वहीत आरंभीची शिल्लक एकदाच लिहावी आणि पुढे नुसत्या जमा-नावे नोंदी कराव्यात, तसा हा प्रकार. वही नोंदींच्या मधोमध फाडली तर पुढच्या भागाचा हिशेब लागत नाही. व्हिडिओही दोन कीफ्रेमच्या मधून कापला, तर नव्या तुकड्याची सुरुवात करड्या ठिगळांची होते किंवा आवाज चालू राहतो आणि चित्र पुढची कीफ्रेम येईपर्यंत गोठून बसतं.

म्हणून कात्री कीफ्रेमवरच पडायला हवी. त्यासाठी एफएफएमपेग हे मोफत साधन संगणकावर चालतं. आज्ञा एवढीच:

```
ffmpeg -i sabha.mp4 -map 0:v -map 0:a -c copy \
  -f segment -segment_time 1200 -reset_timestamps 1 \
  -segment_list bhag.csv bhag_%02d.mp4
```

यातलं `-c copy` म्हणजे डेटाला हात लावू नकोस, नुसता उतरवून घे. `1200` हे वीस मिनिटांचे सेकंद. `-reset_timestamps 1` मुळे प्रत्येक तुकड्याचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं. हे लिहिलं नाही, तर काही प्लेयर दुसरा तुकडा उघडल्यावर विसाव्या मिनिटाची वाट पाहत बसतात. काम केवळ फाइल वाचण्या-लिहिण्याचं असल्याने ते काही मिनिटांत उरकतं.

तुकडे मात्र बरोबर वीस मिनिटांचे निघत नाहीत. एफएफएमपेग १२०० वा सेकंद उलटल्यावर येणाऱ्या पहिल्या कीफ्रेमपर्यंत थांबतं. समजा या चित्रीकरणात कीफ्रेम जास्तीत जास्त दहा सेकंदांनी येते आणि कॅमेरा एकदम फिरला किंवा दृश्य बदललं की मध्येच एखादी जादा पडते. अशा वेळी `bhag.csv` ची सुरुवात अशी दिसेल:

```
bhag_00.mp4,0.000000,1203.400000
bhag_01.mp4,1203.400000,2406.200000
bhag_02.mp4,2406.200000,3600.800000
```

पहिला तुकडा १२०३.४ सेकंदांचा, दुसरा १२०२.८ चा आणि तिसरा ११९४.६ चा. तिसरा छोटा का? दुसऱ्या कापाची वेळ पहिल्या कापापासून मोजली जात नाही, मूळ चित्रीकरणाच्या आरंभापासून मोजली जाते. लक्ष्य १२००, २४००, ३६०० असंच राहतं. त्यामुळे एका कापाची दिरंगाई पुढच्या कापात साठत जात नाही. कुठलाही काप ठरल्या वेळेपेक्षा फार तर दोन कीफ्रेममधल्या अंतराएवढा उशिरा पडतो. ही यादी जपून ठेवावी. दुसऱ्या तुकड्यात पाचव्या मिनिटाला एखाद्या सभासदाने हरकत घेतली असेल, तर मूळ चित्रीकरणात ती २५ मिनिटं ३.४ सेकंदांवर सापडेल, हा हिशेब तिच्यावरूनच लागतो.

मध्ये काही हरवलं नाही ना, हे फ्रेम मोजून पाहता येतं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -count_packets \
  -show_entries stream=nb_read_packets -of csv=p=0 bhag_00.mp4
```

मूळ फाइल बरोबर तीन तासांची असेल तर तिच्यात २,७०,००० फ्रेम असणार. नऊ तुकड्यांची बेरीजही तेवढीच यायला हवी. आवाजाचे तुकडे वेगळ्या मापाने पडतात. ४८,००० हर्ट्झच्या एएसी आवाजाचा एक ठोकळा सुमारे २१ मिलिसेकंदांचा असतो, म्हणून चित्र आणि आवाज कापताना तेवढा किरकोळ फरक राहतो. कानाला तो जाणवत नाही.

एका ठिकाणी ही पद्धत अडते. काही कॅमेरे कीफ्रेमनंतर अशा थोड्या फ्रेम साठवतात, ज्या पडद्यावर कीफ्रेमच्या आधी दिसायच्या असतात आणि ज्यांना मागच्या गटातल्या फ्रेमचा आधार लागतो. याला ओपन जीओपी म्हणतात. तिथे कापलं की तुकड्याच्या पहिल्या काही फ्रेम विस्कटतात किंवा गळतात. प्रत्येक तुकड्याचा पहिला सेकंद पाहिला की हे लगेच लक्षात येतं. अशा फाइलीचे निर्दोष तुकडे हवे असतील, तर पुन्हा एन्कोड करण्यावाचून सहसा गत्यंतर नसतं.

तुकडे किती समान पडणार, हे कापणाऱ्याच्या हाती फारसं नसतं, ते चित्रीकरण होतानाच ठरलेलं असतं. एक्स२६४ या प्रचलित एन्कोडरची कीफ्रेमच्या कमाल अंतराची मूळ सेटिंग २५० फ्रेमची आहे, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दहा सेकंद. जागा वाचवणाऱ्या ‘स्मार्ट’ मोडमधले सीसीटीव्ही हे अंतर आणखी ताणतात. म्हणून सभेआधीच व्हिडिओवाल्याला सांगावं, की एन्कोडरमध्ये कीफ्रेमचं अंतर बदलता येत असेल तर ते २५ फ्रेमवर ठेवा, म्हणजे एक सेकंद, आणि ओपन जीओपी बंद करा. फाइल थोडी वाढेल, पण मग कुठलाही काप सेकंदापेक्षा जास्त चुकणार नाही. मूळ फाइल मात्र तुकडे झाल्यावरही पुसू नये. तुकड्यांतल्या फ्रेम त्याच असल्या तरी प्रत्येक तुकड्याचा हॅश मूळ फाइलीपेक्षा वेगळाच येतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातल्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो. उद्या वाद न्यायालयात गेलाच, तर दाखवायची ती मूळ फाइल. तुकडे सभासदांना पाहण्यासाठी.