तीनशे म्हणजे नेमके किती?

प्रोसेसरला मिळणाऱ्या बहुतेक सूचनांमध्ये दोन गोष्टी असतात: काय करायचे आणि कशावर करायचे. पहिली गोष्ट सरळ असते. बेरीज, वजाबाकी, मेमरीतून आकडा उचलणे अशी ठरावीक कामे असतात आणि प्रत्येकाला एक क्रमांक असतो. घोळ दुसऱ्या गोष्टीत होतो. सूचनेत ‘३००’ असे लिहिले असेल, तर तो आकडाच हवा आहे, की मेमरीच्या ३०० क्रमांकाच्या घरात जे आहे ते हवे आहे, की त्या घरात लिहिलेल्या पत्त्यावर जे मिळेल ते? सूचनेतल्या आकड्याचा अर्थ कसा लावायचा याच्या ठरलेल्या रीतीला अ‍ॅड्रेसिंग मोड म्हणतात. ती रीत लावून जो पत्ता अखेर हाती येतो तो इफेक्टिव्ह अ‍ॅड्रेस. मेमरीचे दार ठोठावले जाते ते या पत्त्यावर.

समजण्यासाठी एक काल्पनिक यंत्र घ्यावे. त्याच्या प्रत्येक सूचनेत पत्त्यासाठी १२ बिटांची जागा आहे. मेमरीतल्या प्रत्येक घरात एक पूर्ण आकडा मावतो. मेमरीचा थोडा भाग आणि दोन रजिस्टर अशी आहेत:

```
M[300]  = 750
M[340]  = 62
M[750]  = 18
M[5300] = 97
X = 40      B = 5000
```

सूचना एकच: `LOAD 300`. मोड तेवढा बदलत जायचा.

इमिजिएट मोडमध्ये ३०० हाच आकडा हवा असतो. तो सूचनेबरोबरच आलेला असतो, त्यामुळे आकड्यासाठी मेमरीत वेगळी फेरी मारावी लागत नाही आणि इफेक्टिव्ह अ‍ॅड्रेसचा प्रश्नच उरत नाही. मोजणीत १ मिळवणे किंवा शून्याशी तुलना करणे अशा कामांना हा मोड उत्तम. मात्र १२ बिटांत ० ते ४०९५ एवढेच आकडे बसतात; ऋण आकडे हवे असतील तर −२०४८ ते २०४७.

डायरेक्ट मोडमध्ये ३०० हा पत्ता असतो. इफेक्टिव्ह अ‍ॅड्रेस ३००, तिथे सापडतात ७५०, फेरी एक. मर्यादा इथेही तीच, पण जास्त बोचणारी: १२ बिटांनी ४०९६ घरांपर्यंतच पोचता येते. यंत्राला लाखो घरांची मेमरी जोडली तरी या मोडला पुढची घरे दिसतच नाहीत.

या दोन मोडमधला फरक कागदावर एका चिन्हाएवढा असतो, आणि चुका तिथेच होतात. इंटेलच्या प्रोसेसरसाठी लिनक्सवर रूढ असलेल्या एका लेखनपद्धतीत `mov $300, %eax` म्हणजे ३०० हा आकडा, आणि `mov 300, %eax` म्हणजे ३०० या पत्त्यावरचा आकडा. डॉलरचे चिन्ह राहून गेले तरी असेंब्लर तक्रार करत नाही, कारण दोन्ही ओळी वैध आहेत. चूक उघडी पडते ती चालवताना. इतका खालचा पत्ता साध्या प्रोग्रामच्या वाट्याला आलेला नसतो, म्हणून तो ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ देऊन बंद पडतो. अशा वेळी बंद पडणे हे नशीबच म्हणायचे. पत्ता चुकून वैध निघाला असता, तर प्रोग्राम भलताच आकडा घेऊन बिनबोभाट पुढे गेला असता.

इनडायरेक्ट मोड म्हणजे बंद घराच्या दारावर लावलेली ‘अमुक ठिकाणी राहायला गेलो आहोत’ अशी चिठ्ठी. ३०० या घरात ७५० आहेत. ते उत्तर नव्हे, तो पुढचा पत्ता आहे. इफेक्टिव्ह अ‍ॅड्रेस ७५० आणि तिथे सापडतात १८. फेऱ्या दोन झाल्या, म्हणजे वेळ वाढला. बदल्यात दोन गोष्टी मिळतात. सूचनेतली जागा १२ बिटांची असली तरी मेमरीतले घर बरेच रुंद असू शकते, त्यामुळे त्यात लांबचा पत्ताही मावतो. शिवाय चिठ्ठी बदलली की सूचनेला हात न लावता नवे ठिकाण गाठता येते. सी भाषेतल्या पॉइंटरचे मूळ हेच. मात्र आज बहुतेक प्रोसेसर चिठ्ठी मेमरीत न ठेवता रजिस्टरमध्ये ठेवतात. रजिस्टर प्रोसेसरच्या आतच असल्याने पहिली फेरी वाचते.

इंडेक्स्ड मोडमध्ये सूचनेतला पत्ता आणि इंडेक्स रजिस्टर यांची बेरीज होते: ३०० + ४० = ३४०, आणि हाती येतात ६२. या साध्या बेरजेने केवढी अडचण दूर केली, हे तिच्या आधीच्या काळाकडे पाहिल्यावर कळते. केंब्रिजमधला एडसॅक संगणक १९४९मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यात इंडेक्स रजिस्टर नव्हते. ओळीने मांडलेल्या शंभर आकड्यांची बेरीज करायची, तर प्रोग्रामला स्वतःचीच सूचना आकडा म्हणून उचलावी लागे, तिच्या पत्त्यात १ मिळवून ती परत जागेवर ठेवावी लागे आणि मग पुन्हा चालवावी लागे. फेरी संपल्यावर मूळ पत्ता परत लिहायला विसरले, तर तोच प्रोग्राम दुसऱ्यांदा चालवताना शंभराव्या घराच्या पुढून सुरुवात करणार. त्याच वर्षी मँचेस्टरच्या मार्क १ यंत्रात यावर उपाय निघाला. तिथे बेरजेच्या अ‍ॅक्युम्युलेटरला ‘ए’ आणि नियंत्रणाला ‘सी’ अशी अक्षरे होती, म्हणून नव्या रजिस्टरला ‘बी’ मिळाले. त्यातला आकडा सूचना अमलात येण्यापूर्वी तिच्या पत्त्यात मिळवला जाई. मेमरीतली मूळ सूचना तशीच राही.

इंडेक्स किती पावलांनी वाढवायचा, हा इथला कळीचा प्रश्न. आजच्या यंत्रांत पत्ते बाइटगणिक असतात आणि एका पूर्णांकाला बहुधा चार बाइट लागतात. म्हणजे यादी २००० पासून सुरू होत असेल, तर २५व्या आकड्याचा पत्ता २००० + ४ × २४ = २०९६. चारऐवजी एकाने पाऊल टाकले तर काय होते? यादीत ७ आणि ९ आहेत असे धरू. इंटेलच्या मांडणीत लहान बाइट आधी येते, म्हणून मेमरीत हे दिसते:

```
2000: 07 00 00 00 09 00 00 00
```

पहिला आकडा बरोबर येतो: ७. पुढच्या खेपेला पत्ता २००४ऐवजी २००१ होतो, आणि हाती येतात `00 00 00 09` हे चार बाइट. त्यांची किंमत १५,०९,९४,९४४. पहिला आकडा बरोबर आणि दुसऱ्यापासून अवाढव्य आकडे, हे दिसले की पावलाची चूक आहे असे खुशाल समजावे. ही चूक इतकी नेहमीची, की १९८५च्या इंटेल ८०३८६पासून हा गुणाकार यंत्रातच घातलेला आहे. इंडेक्सला १, २, ४ किंवा ८ने गुणून मगच बेरीज होते.

बेस रजिस्टर मोडचे गणित पाहिले तर इंडेक्स्ड मोडच पुन्हा लिहिल्यासारखा वाटतो: ५००० + ३०० = ५३००, हाती येतात ९७. पाठ्यपुस्तके दोघांना वेगळी नावे देतात आणि विद्यार्थी दोन्हीकडे तीच बेरीज पाहून गोंधळतात. फरक बेरजेत नाही, कामाच्या वाटणीत आहे. इंडेक्स्ड मोडमध्ये सूचनेतला आकडा म्हणजे यादीची सुरुवात, आणि रजिस्टर प्रत्येक फेरीला सरकते. बेस मोडमध्ये रजिस्टर म्हणजे सुरुवात. ते एकदा भरले की बहुधा हलत नाही, आणि सूचनेतला आकडा तिथपासूनचे अंतर सांगतो. या अंतराला डिस्प्लेसमेंट म्हणतात.

दोन्ही एकाच सूचनेत पाहायचे तर आयबीएमची सिस्टिम/३६० घ्यावी. ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झालेल्या या यंत्रात १६ सर्वसाधारण रजिस्टर होती आणि पत्ता २४ बिटांचा होता, म्हणजे १६ मेगाबाइटपर्यंत पोच. चार बाइटांच्या सूचनेत २४ बिट पत्त्यालाच दिले असते, तर बाकीच्या गोष्टींना फक्त ८ बिट उरले असते. म्हणून सूचनेत ठेवले ते १२ बिटांचे डिस्प्लेसमेंट, चार बिटांत बेस रजिस्टरचा क्रमांक आणि चार बिटांत इंडेक्सचा. एक ओळ अशी:

```
L  3,300(4,12)      58 34 C1 2C
```

उजवीकडचे चार बाइट म्हणजे यंत्राला दिसणारी सूचना. `58` म्हणजे मेमरीतून चार बाइट उचल. `3` हे आकडा ठेवण्याचे रजिस्टर. `4` हा इंडेक्स, `C` म्हणजे १२वे रजिस्टर हा बेस. आणि उरलेले `12C` म्हणजेच ३००. चौथ्या रजिस्टरमध्ये ४० आणि बाराव्यात ५००० असतील, तर इफेक्टिव्ह अ‍ॅड्रेस ५००० + ४० + ३०० = ५३४०. उद्या तोच प्रोग्राम ९०००० या पत्त्यापासून भरला, तर बाराव्या रजिस्टरमध्ये ९०००० येतात आणि इफेक्टिव्ह अ‍ॅड्रेस ९०३४० होतो. सूचनेचे एक अक्षरही बदलावे लागत नाही. बेस रजिस्टरचे खरे मोल हे आहे.

त्याच्या खोडीही आहेत. असेंब्लरला `USING *,12` सांगितले, की तो बाराव्या रजिस्टरला बेस धरून सगळी अंतरे काढून देतो. पण ते रजिस्टर प्रत्यक्षात भरत नाही. भरण्याची सूचना वेगळी, बहुधा `BALR 12,0`, आणि ती आधी लिहावी लागते. ती राहिली तर असेंब्लर गप्प राहतो आणि प्रोग्राम चालताना रजिस्टरमध्ये पडून असलेल्या जुन्या आकड्यावरून पत्ते काढले जातात. याउलट प्रोग्राम ४०९६ बाइटांच्या पुढे गेला, तर अंतर १२ बिटांत बसत नाही. तेव्हा मात्र असेंब्लर लगेच अडवतो, आणि दुसरे बेस रजिस्टर द्यावे लागते. आणखी एक गंमत म्हणजे बेस किंवा इंडेक्सच्या जागी ० लिहिले, तर त्याचा अर्थ शून्यावे रजिस्टर असा होत नाही. तिथे सरळ शून्य मिळवले जाते. म्हणून शून्याव्या रजिस्टरमध्ये पत्ता भरून त्याला बेस करता येत नाही.

प्रोग्राम अर्धा चालल्यावर दुसऱ्या जागी हलवणे मात्र या पद्धतीत साधत नसे. बेस रजिस्टर प्रोग्रामच्याच ताब्यात असल्याने त्यातला पत्ता मेमरीत कुठेही उतरवून ठेवलेला असू शके, आणि अशा सगळ्या नोंदी शोधून दुरुस्त करणे कोणालाच शक्य नव्हते. ४०९६ बाइटांचे कुंपण २००३च्या सुमारास २० बिटांच्या डिस्प्लेसमेंटने सैल झाले, तेही नव्या, जास्त लांब सूचनांपुरते. जुन्या सूचना जशाच्या तशा ठेवल्या आहेत, आणि `58 34 C1 2C` हे चार बाइट आजच्या आयबीएम झेड यंत्रातही तीच बेरीज करून पत्ता काढतात.